झील कुठे थांबते?
लोकसाहित्यातील पुनरावृत्तीविषयी एक मत

लोकसाहित्याच्या घटकावरील उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटते : ‘पुनरुक्तीमुळे या रचनेला नादमाधुर्य प्राप्त झाले आहे.’ पोवाड्याविषयी विचारा, ओवीविषयी विचारा, गोंधळातील आख्यानाविषयी विचारा. वाक्य तेच असते. हे वाक्य चुकीचे आहे असे म्हणता येत नाही, म्हणूनच ते अधिक त्रासदायक आहे. जे विधान कोणत्याही गाण्याला लागू पडते, ते समोरच्या गाण्याविषयी काहीच सांगत नाही. हे वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी अलीकडे दोष देत नाही. आपण त्याच्या हाती जे देतो, त्यातून याहून वेगळे वाक्य निघणे कठीण आहे.

आपण त्याच्या हाती छापील संहिता देतो. पोवाड्याचेच उदाहरण घ्या. हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि तोवर शाहिरांच्या व गोंधळ्यांच्या मुखी असलेली ही रचना वाचकाच्या हाती आली. या आणि यानंतरच्या संग्रहांचे ऋण मोठे आहे. परंतु छपाईला कागदाची काटकसर करावी लागते. ध्रुवपद एकदा पूर्ण छापले जाते. त्यानंतर प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्याचा पहिला शब्द आणि पुढे ‘॥धृ॥’ एवढीच खूण उरते. झीलकऱ्यांचा ‘जी जी’ तर बहुधा छापलाच जात नाही, कारण त्याला ‘अर्थ’ नाही. वाचणाऱ्याचा डोळा ‘॥धृ॥’वरून सहज पुढे सरकतो. ऐकणाऱ्याचा कान मात्र त्या जागी थांबलेला असतो. शाहीर श्वास घेत असतो, डफाची थाप बदललेली असते, पुढे काय होणार याची उत्सुकता ताणली जात असते. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरचा पोवाडा लिहून छापला तेव्हाही त्यांनी ध्रुवपदाची चौकट सोडली नाही. म्हणजे लेखणी हाती असलेल्या कवीलाही पोवाडा म्हटला की ती जागा राखून ठेवावी असे वाटले. ती जागा कशासाठी असते, हा खरा प्रश्न आहे.

माझे मत असे की, ध्रुवपद आणि पुनरावृत्ती यांना आपण अलंकार समजणे सोडले पाहिजे. त्या सादरीकरणातील कृती आहेत. कृती म्हटली की कोणी केली, कोणत्या क्षणी केली आणि ती केली नसती तर काय बिघडले असते, हे विचारता येते. अलंकाराबाबत हे प्रश्न सुचत नाहीत. हे मत मला ग्रंथांतून मिळाले असे म्हणण्यापेक्षा विठ्ठलवाडीत एका रात्री मिळाले असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावर कल्याणनंतरचे स्थानक विठ्ठलवाडी. रुळांपासून फार दूर नसलेल्या एका चाळीत, मूळच्या देशावरच्या एका कुटुंबात लग्नानंतरचा गोंधळ होता. घरच्यांची आणि गोंधळ्यांची आगाऊ परवानगी घेऊन मी चार विद्यार्थ्यांसह गेलो होतो. दोन खोल्यांपुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. चौरंगावर नवा खण, त्यावर धान्याची रास, कलश, भोवती ज्वारीची पाच धाटे एकत्र बांधून उभी केलेली, पुढे तेवती दिवटी. नायक आणि त्याचे तीन साथीदार : एकाकडे संबळ, एकाकडे तुणतुणे, एकाकडे झांज. आरंभी गण झाला. मग तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा अशा देवतांना एकेका गावाचे नाव घेऊन गोंधळाला येण्याचे आवाहन झाले. येथे पुनरावृत्तीचे काम उघडच आहे. वाक्याचा सांगाडा कायम राहतो, फक्त गावाचे आणि दैवताचे नाव बदलते. हा सांगाडा बदलला असता तर बोलावणे सर्वांना सारखे गेले नसते. विधीत कोणालाही वगळलेले चालत नाही. त्या रात्री नायकाने यजमानांच्या मूळ गावचे ग्रामदैवतही याच सांगाड्यात बसवले, तेव्हा मागे बसलेल्या म्हातारीने हात जोडले. तेच तेच वाक्य ती बहुधा आपल्या गावाच्या नावासाठीच ऐकत बसली होती.

त्यानंतर आख्यान सुरू झाले. आख्यान होते जांभूळ आख्यान. लोकशाहीर विठ्ठल उमप यांच्यामुळे ते नागर प्रेक्षकांनाही परिचित आहे. त्या रात्री ऐकलेल्या रूपात कथा थोडक्यात अशी : द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा उत्पन्न होते. कृष्णाला ते कळते. तो पांडवांना आणि द्रौपदीला वनात नेतो. तिथे झाडावरचे एकुलते एक जांभूळ तोडले जाते आणि मग कळते की ते एका ऋषीचे आहे. ते परत देठाला लागले नाही तर शाप ठरलेला. उपाय एकच. प्रत्येकाने आपल्या मनातले गुपित खरेपणाने सांगायचे. खरे सांगितले की फळ जमिनीपासून थोडे वर चढेल. पाच भाऊ एकामागून एक बोलतात आणि फळ चढत जाते. द्रौपदी मात्र कर्णाचे नाव लपवते.

आता या प्रसंगाची घडण पाहा. प्रत्येक भावाच्या वेळी चार गोष्टी त्याच क्रमाने येतात. कृष्ण विचारतो, भाऊ पुढे येऊन हात जोडतो, गुपित सांगतो, फळ चढते. फळ चढले की साथीदार ‘जी जी’ची झील ओढतात आणि संबळ वाजतो. हाच भाग आम्ही नंतर ध्वनिमुद्रणावरून कागदावर उतरवला. विद्यार्थ्यांनी केलेल्या पहिल्या लेखनात एका हुशार मुलीने धर्मराजाचा भाग पूर्ण लिहून पुढे कंसात टीप दिली होती : ‘भीम, अर्जुन, नकुल, सहदेव यांच्या बाबतीत हेच.’ संपादनाच्या दृष्टीने ही टीप शहाणपणाची आहे. विश्लेषणाच्या दृष्टीने तिने आख्यानाचा कणाच काढून टाकला होता.

कारण ‘हेच’ नव्हते. मुद्रण पुन्हा लावले तेव्हा दिसले की धर्मराजाचा आणि भीमाचा भाग पूर्ण लांबीचा होता. अर्जुनाचा त्याहून विस्तृत होता; तिथे नायकाने एका साथीदाराला मध्ये बोलू दिले आणि त्याने अर्जुनाच्या बायकांची थट्टा करून हशा पिकवला. नकुल आणि सहदेव मात्र एकाच दमात उरकले. विचारणे आणि हात जोडणे गळाले, गुपित आणि फळाचे चढणे एवढेच उरले. सांगणाऱ्याने हे कंटाळून केले नव्हते. पहिल्या दोन वेळांत श्रोत्यांच्या मनात साचा पक्का बसतो, तिसऱ्या वेळी त्या साच्याशी खेळता येते, चौथ्या-पाचव्या वेळी साचा अर्धा सांगितला तरी श्रोते उरलेला स्वतःच भरतात. लय आपोआप जलद होते. आणि मग द्रौपदीच्या वेळी साचा पुन्हा पूर्ण लांबीने येतो : कृष्णाचे विचारणे, पुढे येणे, हात जोडणे, सांगणे. सगळे अगदी धर्मराजासारखे. ती खोटे सांगते. आणि झील येत नाही.

मुद्रणात त्या जागी काही क्षण फक्त तुणतुण्याची तार ऐकू येते. मांडवातली कुजबुज थांबलेली असते. फळ खाली आल्याचे नायकाने अजून सांगितलेलेही नाही, पण बसलेल्या प्रत्येकाला ते कळले आहे. पाच वेळा जी झील आली, ती सहाव्यांदा आली नाही, एवढ्याने ते कळले. ध्रुवपदाचे काम कोणते, असे मला कोणी विचारले तर मी ही जागा दाखवीन. आता ही जागा छापील संहितेत कशी दिसेल, याची कल्पना करा. तिथे झील आधीच छापलेली नाही, त्यामुळे तिचे न येणेही दिसणार नाही. ‘हेच’ अशी टीप दिलेल्या कागदावर तर द्रौपदी केवळ सहावी व्यक्ती ठरेल.

याच मुद्रणात आणखी एक पुनरावृत्ती होती, आणि ती सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. कारण उत्साही अभ्यासकाला आवर घालायला ती पुरेशी आहे. भीम पुढे येतो ती ओळ नायकाने लागोपाठ तीन वेळा म्हटली होती. एका विद्यार्थ्याने त्यावर चांगले अर्धे पान लिहिले. डॅनिश अभ्यासक आक्सेल ओल्रिक यांनी लोककथेतील ‘तीन’च्या नियमाचे विवेचन विसाव्या शतकाच्या आरंभी केले आहे, त्याचा आधार घेऊन त्याने भीमाचे बलाढ्यपण त्रिवार उच्चाराने ठसवले आहे असा निष्कर्ष काढला. मी त्याला तोच तुकडा कानाला यंत्र लावून ऐकायला सांगितले. दुसऱ्या उच्चाराखाली एक लांबचा घरघराट आहे, तो वाढत जातो आणि तिसऱ्या उच्चाराच्या मध्यावर विरतो. कर्जतकडची गाडी गेली होती. नायक ओळ धरून उभा राहिला होता, एवढेच.

ही गंमत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ओळ धरून उभे राहणे हेही कौशल्य आहे. गाडी जाईपर्यंत तो गप्प बसला असता तर ताल मोडला असता. पुढची नवी ओळ म्हटली असती तर गुपित कोणाला ऐकू गेले नसते. पुनरावृत्ती ही त्याच्या हातातली सर्वात जवळची सोय होती. परंतु ती भीमाविषयी काही सांगत नव्हती, रेल्वेविषयी सांगत होती. अभ्यासकाने पुनरावृत्ती मोजण्याआधी तिची जात ओळखली पाहिजे.

जात ओळखायची कशी? माझ्या अनुभवात दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, वगळून पाहणे. ती ओळ किंवा तो तुकडा मनातल्या मनात काढा आणि कोणाचे काम अडते ते पाहा. कथेचे अडते, विधीचे अडते, गाणाऱ्याचा श्वास अडतो, की कोणाचेच अडत नाही? दुसरी अधिक खात्रीची : तेच आख्यान त्याच मंडळींकडून पुन्हा ऐकणे. काही महिन्यांनी डोंबिवलीत याच नायकाचा गोंधळ होता, तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. श्रोते मोजकेच होते, वेळ उशिराची होती. अर्जुनाची थट्टा पार आटली. भीमाची ओळ एकदाच आली. उलट धर्मराजाचा भाग या वेळी लांबला. का, असे विचारल्यावर नायक म्हणाला, ‘‘सर, मंडळी जेवून यायची होती ना अजून. त्यांच्याशिवाय जांभूळ कसं चढवायचं?’’ द्रौपदीपुढची शांतता मात्र दोन्ही वेळा होती, त्याच जागी. जे दोन्ही रात्री टिकले ते आख्यानाच्या घडणीचे असावे आणि जे बदलले ते त्या त्या रात्रीचे, असा तर्क करता येतो. तर्कच, दोन सादरीकरणांवरून संपूर्ण परंपरेविषयी बोलण्याचा अधिकार मिळत नाही. आम्हाला एका फडाविषयी थोडेसे कळले, एवढेच म्हणता येईल.

येथे मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांचे नाव येणे अपरिहार्य आहे. पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील गायकांची गाणी मुद्रित केली आणि लॉर्ड यांनी १९६० मध्ये ग्रंथरूपाने सिद्धान्त मांडला की गायक दीर्घ काव्य पाठ करीत नाही. ठरावीक वृत्तात बसणारे तयार शब्दबंध हाताशी ठेवून तो ते गाता गाता रचतो. आपल्या अभ्यासपुस्तिकांतून हा सिद्धान्त पोवाड्यावर सरसकट लावला जातो. मला ते पटत नाही. पोवाडा पुष्कळदा आधी बांधलेला असतो, शेवटी कवीची नाममुद्रा असते आणि शिष्य तो पाठ करतो. तिथे पुनरावृत्ती रचना सुचण्यासाठी लागत नाही. झीलकऱ्यांना सामील करण्यासाठी आणि शाहिराला दम मिळण्यासाठी लागते. गोंधळातील आख्यानात मात्र गद्य निवेदन जागच्या जागी घडते आणि पदे पाठ असतात. एकाच रात्रीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. म्हणून कोणता तुकडा कोणत्या प्रकारचा, हे आधी ठरवावे आणि मगच सिद्धान्ताला हाक मारावी.

गद्य निवेदनातील एका पुनरावृत्तीकडे भाषाशास्त्राचा अभ्यासक म्हणून लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते, कारण विद्यार्थी तिला नेमके दोष म्हणून खोडतात. नायकाच्या बोलण्याची धाटणी साधारण अशी असते (हे वाक्य मी नमुन्यादाखल रचले आहे) : ‘देव वनात गेला. वनात जाऊन झाडाखाली बसला. बसून बघतो तर वर एकच फळ.’ आधीच्या वाक्याचे क्रियापद ‘ऊन’ प्रत्ययाने पुढच्या वाक्याच्या तोंडाशी पुन्हा येते. शालेय निबंधात आपण यावर लाल रेघ मारू. परंतु ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाचण्याची सोय नसते. मागचे वाक्य लहान मुलाच्या रडण्यात हरवले तरी ‘जाऊन’ या एका शब्दाने तो पुन्हा कथेत येतो. सांगणाऱ्यालाही त्या अर्ध्या क्षणात पुढचे वाक्य जुळवता येते. आजीने सांगितलेल्या कहाणीत, कीर्तनकाराच्या कथनात, एवढेच काय पण घडलेला अपघात सांगणाऱ्या रिक्षाचालकाच्या बोलण्यातही हा जोड सापडतो. तो मौखिक मराठीचा वाक्यविन्यास आहे. विठ्ठलवाडीच्या मुद्रणात हा जोड गद्य भागात जागोजाग आहे आणि पदे सुरू होताच नाहीसा होतो. कारण पदात तेच काम ध्रुवपद करते. या एका निरीक्षणावर उत्तम प्रकल्प होऊ शकेल.

आता माझी तक्रार आणि सूचना. या घटकाच्या स्वाध्यायात ‘दिलेल्या पोवाड्यातील पुनरुक्तीची उदाहरणे शोधा’ असा प्रश्न असतो. तो काढून टाकावा. त्याऐवजी विद्यार्थ्याने दहा मिनिटांचे कोणतेही सादरीकरण स्वतः ऐकून उतरवावे. कागदाचे तीन रकाने करावेत : पहिल्यात मुख्य सांगणारा, दुसऱ्यात साथीदार, तिसऱ्यात वाद्ये आणि श्रोते. आलेली झील प्रत्येक वेळी पूर्ण लिहावी, ‘॥धृ॥’ लिहून सुटका करून घेऊ नये. ओळ धरली, हशा आला, मूल रडले, गाडी गेली, सगळे नोंदवावे. जिथे येणारे आले नाही तिथे रिकामी चौकट सोडावी. दहा मिनिटांच्या मुद्रणाला एक पूर्ण दुपार लागते, हे आधी सांगून ठेवतो.

यावर आक्षेप येतो की मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी नोकरी-संसार सांभाळून शिकतो, त्याला क्षेत्रकार्य कसे जमणार? मला हा आक्षेप उलट बाजूने दिसतो. नियमित महाविद्यालयातील मुलाला गोंधळ शोधत जावे लागते. आपला विद्यार्थी पुष्कळदा त्या मांडवात यजमान म्हणूनच बसलेला असतो. कल्याण-उल्हासनगरच्या वस्त्यांत लग्नसराईत गोंधळ, जागरण, भारूड, आगरी-कोळी घरांतले धवले हे सर्व अजून घडते. त्याला वेळ काढायचा नाही, बसल्या जागी कान वेगळा लावायचा आहे. मात्र शिस्त पाळावी. मुद्रणाआधी विचारावे, आरतीच्या वेळी बंद करा म्हटले तर बंद करावे, आणि बिदागी यजमानांनी दिली असली तरी आपण त्यांचा जादा वेळ घेतला असेल तर त्याचा मोबदला आपणही द्यावा.

तीन रकान्यांची ही मांडणी मी काही वर्षे समाधानाने शिकवत होतो. डोंबिवलीच्या त्या रात्री निघताना सहज झांज वाजवणाऱ्या मुलाला विचारले, की द्रौपदीच्या वेळी झील ओढायची नाही हे तुम्हा तिघांना एकाच क्षणी कसे कळते. नायक तर काही खूण करताना ऐकू येत नाही. तो हसला. ‘‘ऐकू कसं येईल सर? बाकीच्या वेळी नायक डावा पाय पुढं टाकतात, तेव्हा आम्ही उचलतो. तिथं ते पाय टाकतच नाहीत.’’ दोन्ही रात्रींचे आमचे मुद्रण फक्त ध्वनीचे होते. त्यानंतरच्या वर्षापासून कागदावर चौथा रकाना आहे.